एकच एफईव्ही-१, दोन भिन्न व्याधी : स्पायरोमेट्रीतील गुणोत्तराचे वाचन



मुकुंदवाडी येथील आमच्या चिकित्सालयात एकाच उन्हाळ्यात दोन स्त्री रुग्ण आल्या. दोघींची तक्रार शब्दशः एकच होती, 'जिना चढताना दम लागतो, खोकला जात नाही.' दोघींचे वय पन्नाशीच्या आसपास, दोघींनी कधीही धूम्रपान केलेले नाही. दोघींच्या केसपेपरवर आम्ही प्रथम 'तमकश्वास' असेच निदान लिहिले आणि दोघींची चिकित्सा जवळजवळ एकाच दिशेने सुरू केली. त्यांपैकी एकीच्या बाबतीत ती दिशा चुकीची होती. ही चूक उघडकीस यावयास आम्हांस पाच महिने लागले. ज्या कागदाने ती उघडकीस आणली त्याचे वाचन कसे करावे, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हा कागद म्हणजे स्पायरोमेट्रीचा अहवाल. क्रियाशारीराच्या प्रश्नपत्रिकेत व पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असतो आणि बहुतेकांना त्याचे उत्तर पाठही असते, 'गुणोत्तर कमी तर अवरोध, गुणोत्तर प्राकृत व आकारमान कमी तर संकोच.' परीक्षेपुरते हे सूत्र पुरते. रुग्णाच्या कागदावर मात्र ते नेमके कोठे अडखळते हे ठाऊक नसेल तर सूत्र पाठ असूनही निदान चुकते.

तीन आकडे आणि त्यांचा अर्थ

अहवालावर वीस-पंचवीस आकडे छापलेले असले तरी प्रथम तीनच पाहावेत. ते कागदावर FVC, FEV1 आणि FEV1/FVC असे इंग्रजीत छापलेले असतात.

रुग्णाने छातीत मावेल तेवढा श्वास आत घेऊन, नंतर संपूर्ण जोर लावून शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर सोडला असता जेवढी हवा बाहेर पडते ती एफव्हीसी. त्याच फुंकीच्या पहिल्या एका सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते ती एफईव्ही-१. आणि पहिल्या सेकंदात पडलेली हवा एकूण हवेचा कितवा भाग आहे, हे सांगणारे ते गुणोत्तर. निरोगी प्रौढात पहिल्या सेकंदात एकूण हवेच्या साधारण तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश हवा बाहेर येते, म्हणजे गुणोत्तर ०.७५ ते ०.८० च्या आसपास असते. तरुणात ते याहून अधिक असते व वयोमानानुसार हळूहळू उतरते.

व्याधीत हे गुणोत्तर का बदलते, हे दोन भांड्यांच्या दृष्टान्ताने स्पष्ट होईल. एक मोठा रांजण आहे, पण त्याचे तोंड अतिशय चिंचोळे आहे. दुसरा लहान तांब्या आहे, परंतु त्याचे तोंड रुंद आहे. दोन्ही एकाच वेळी उपडे केले आणि एका सेकंदानंतर किती पाणी सांडले हे मोजले, तर दोहोंतून सांडलेले पाणी सारखेच भरू शकेल. रांजणातून कमी पडले ते वाट अरुंद म्हणून, तांब्यातून कमी पडले ते मुळात पाणीच थोडे होते म्हणून. केवळ सांडलेले पाणी मोजून भांडे ओळखता येणार नाही. भांड्यातील एकूण पाण्याचा कितवा भाग सांडला, हे पाहावे लागेल.

श्वासनलिका अरुंद झाल्या असता, म्हणजे दमा, सीओपीडी इत्यादी अवरोधी किंवा ऑब्स्ट्रक्टिव्ह व्याधीत, एफईव्ही-१ पुष्कळ घटते. एकूण हवा मात्र वेळ दिल्यास बव्हंशी बाहेर येते. म्हणून गुणोत्तर उतरते. याउलट फुप्फुसाचे ऊतक कठीण होऊन आक्रसले असता, किंवा छातीचा पिंजरा व श्वसनाच्या पेशी यांमुळे फुप्फुस पूर्ण फुगतच नसता, म्हणजे संकोची किंवा रिस्ट्रिक्टिव्ह व्याधीत, दोन्ही आकारमाने जवळजवळ एकाच प्रमाणात घटतात. ऊतकच कठीण झाले असेल तर आणखी एक गोष्ट घडते. ताठ झालेले ऊतक आपल्यातून जाणाऱ्या श्वासनलिकांना चोहोबाजूंनी ताणून उघडे ठेवते आणि फुप्फुस लवकर रिकामे होते. म्हणून अशा रुग्णाचे गुणोत्तर प्राकृत किंवा प्राकृताहूनही अधिक भरते.

पहिली रुग्णा : चुलीचा धूर

आता आमच्या दोन रुग्णांकडे वळू. पहिली बाई ५२ वर्षांची, उंची १५० सेंटीमीटर. पैठण तालुक्यातील खेड्यात लग्नानंतरची जवळपास तीस वर्षे चुलीपुढे गेली. जळण म्हणजे कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या व गोवऱ्या. मुकुंदवाडीत राहावयास आल्यावर गॅस आला, दम मात्र गेला नाही. 'विडी-सिगारेट नाही म्हणजे सीओपीडी नाही' ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मधील लेखात, धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीचा व त्यामागील चुलीच्या धुराचा प्रश्न सविस्तर मांडला होता. ही बाई त्याच प्रश्नाचे मूर्त उदाहरण होती.

तिने सोबत एका आरोग्य शिबिरातील स्पायरोमेट्रीचा अहवाल आणला होता. त्यात एफव्हीसी १.४० लिटर म्हणजे अपेक्षित २.३० लिटरच्या ६१ टक्के, एफईव्ही-१ १.०० लिटर म्हणजे अपेक्षित १.८५ लिटरच्या ५४ टक्के आणि गुणोत्तर ०.७१ असे आकडे होते. यंत्राने खाली आपणहून 'रिस्ट्रिक्शन' असा शेरा छापला होता. सूत्र लावले तर शेरा बरोबरच, कारण गुणोत्तर ०.७० च्या वर आणि एफव्हीसी कमी.

परंतु छातीत सूं-सूं आवाज ऐकू येत होता, निःश्वास लांबलेला होता आणि धुराचा पूर्वेतिहास होता. लक्षणे व कागद यांचा मेळ बसेना. तेव्हा आम्ही आकडे बाजूस ठेवून कागदावरील आलेख पाहिला. आकारमान व काळ यांचा जो आलेख असतो त्याची रेषा वर चढत असतानाच तिसऱ्या सेकंदाला एकाएकी तुटली होती. याचा अर्थ स्पष्ट होता. बाईने तीन सेकंदांत फुंक सोडून दिली होती. अवरोध असलेल्या रुग्णाची हवा सावकाश, दहा-बारा सेकंदांपर्यंतही येत राहते. ती येऊ दिली नाही तर एफव्हीसी खोटी लहान भरते. भाजक लहान झाला की गुणोत्तर खोटे मोठे होते, आणि अवरोधाचा रुग्ण कागदावर संकोचाचा दिसू लागतो.

चाचणी योग्य रीतीने पुन्हा करविली. आता एफव्हीसी १.८० लिटर (७८ टक्के), एफईव्ही-१ १.०२ लिटर (५५ टक्के) भरली. १.०२ भागिले १.८० म्हणजे गुणोत्तर ०.५७. एफईव्ही-१ जवळजवळ जेथल्या तेथेच राहिली, केवळ फुंक पूर्ण झाल्याने निदान पालटले. सालब्युटामॉलचे चार पफ स्पेसरमधून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी केली असता एफव्हीसी १.९० व एफईव्ही-१ १.१० लिटर, गुणोत्तर ०.५८. श्वासनलिका विस्फारक औषधानंतरही गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिले, ही सीओपीडीच्या निदानाची रूढ अट होय. एफईव्ही-१ मधील वाढ केवळ ८० मिलिलिटर, म्हणजे अपेक्षित मूल्याच्या सुमारे ४ टक्के होती. सध्याच्या आंतरराष्ट्रीय निकषानुसार ही वाढ अपेक्षित मूल्याच्या १० टक्क्यांहून अधिक असेल तरच ती लक्षणीय मानतात. म्हणजे हा अवरोध बव्हंशी स्थिर स्वरूपाचा होता.

येथे चाणाक्ष वाचक विचारील की, दुसऱ्या चाचणीतही एफव्हीसी ७८ टक्केच आहे, मग हा मिश्र प्रकार का म्हणू नये? अवरोधात काही हवा फुप्फुसातच अडकून राहते, ती कितीही फुंकले तरी बाहेर येत नाही. अडकलेली हवा जेवढी जास्त, तेवढी एफव्हीसी कमी. म्हणून गुणोत्तर कमी असताना एफव्हीसी थोडी उतरलेली दिसली, तर संकोच आहे असे मानण्याची घाई करू नये. अवरोध हे एकच कारण ते दोन्ही बदल घडवू शकते.

दुसरी रुग्णा : कूलरची हवा

दुसरी बाई ४८ वर्षांची, उंची १५२ सेंटीमीटर. कोरडा खोकला, चालताना दम, मधूनमधून बारीक ताप, वजन थोडे उतरलेले. तिला आम्ही पाच महिने तमकश्वासाची औषधे देत होतो. त्याआधी व त्यासोबतही ती कोठूनतरी आणलेली दम्याची बिनलेबलाची पुडी घेत होती, हे तिने आम्हांस फार उशिरा सांगितले. पुडीने तिला बरे वाटे आणि पुडी थांबली की दम पुन्हा वाढे. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले असण्याची शक्यता असते, हे आपण सर्व जाणतो. ते असेल तर श्वासाचा निकटचा आराम मिळतो, पण मूळ व्याधी झाकली जाऊन आतल्या आत वाढत राहते.

तिच्या अहवालात एफव्हीसी १.३० लिटर म्हणजे अपेक्षित २.४० लिटरच्या ५४ टक्के, आणि एफईव्ही-१ १.१४ लिटर म्हणजे अपेक्षित १.९५ लिटरच्या ५८ टक्के होती. आता पहिल्या बाईची एफईव्ही-१ आठवा, ५५ टक्के. केवळ एफईव्ही-१ पाहणाऱ्यास दोघी एकाच व्याधीच्या, एकाच तीव्रतेच्या रुग्ण वाटल्या असत्या. परंतु १.१४ भागिले १.३० म्हणजे गुणोत्तर ०.८८. फुंक पूर्ण झाली होती, आलेखाची रेषा सपाट होऊन मगच थांबली होती. वेग व आकारमान यांच्या वळणालेखाचा उतार पहिल्या बाईच्या कागदावर आतल्या बाजूस खोलगट, दोरीसारखा झोळ पडलेला होता. या बाईच्या कागदावर तोच आलेख उंच, सरळ उताराचा परंतु अंग चोरून बसल्यासारखा अरुंद होता. हा तांब्या होता, रांजण नव्हे.

मग आम्ही जे आधी करावयास हवे होते ते केले. पाठीच्या खालच्या भागी स्टेथोस्कोप ठेवून दीर्घ श्वास घेण्यास सांगितले. श्वास आत घेताना, अंतिम टप्प्यात, वेल्क्रोची पट्टी सोडविल्यासारखे बारीक करकर आवाज स्पष्ट ऐकू आले. बोटांची नखे किंचित फुगीर होती. विश्रांतीच्या वेळी बोटावरील प्राणवायूचे प्रमाण ९६ टक्के होते, परंतु सहा मिनिटे चालविल्यावर ते ८८ पर्यंत उतरले. छातीरोगतज्ज्ञांकडे पाठविल्यावर फुप्फुसांचा हाय-रिझोल्युशन सीटी स्कॅन झाला आणि हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासावाटे जाणाऱ्या सूक्ष्म सेंद्रिय कणांना फुप्फुसाने दिलेली विकृत प्रतिक्रिया, असे निदान निश्चित झाले.

हे कण कोठले? ही व्याधी म्हटली की कबुतरे आठवतात. २०२५ साली मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून जो वाद झाला त्यात हेच नाव वृत्तपत्रांतून घरोघरी पोचले. या बाईच्या घरी मात्र कबुतरे नव्हती. खोलीत होता तो कूलर. भारतातील इंटरस्टिशियल फुप्फुसव्याधींच्या रुग्णांची जी नोंदवही २०१७ साली प्रसिद्ध झाली, त्यात २७ केंद्रांतील १०८४ रुग्ण होते. त्यांपैकी जवळजवळ निम्मे, ४७ टक्के, याच व्याधीचे होते आणि त्यांच्यात आढळलेला सर्वांत सामान्य संपर्क पक्ष्यांचा नव्हे तर एअर कूलरचा होता. आमच्या शहरात याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. नळाचे पाणी काही दिवसांआड येते, म्हणून कूलरच्या टाकीतील पाणी टाकून देण्यास कोणी धजत नाही, त्याच्यातच भर घालतात. बाजूच्या जाळीतील गवत मागील वर्षीचेच राहते. ओलसर गवतावर बुरशी धरते आणि पंखा ती रात्रभर उशाशी फेकत राहतो.

कूलर घरातून काढला, पुडी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बंद झाली व त्यांनी सुचविलेली चिकित्सा सुरू झाली. सहा महिन्यांनी एफव्हीसी १.४८ लिटर, म्हणजे ६२ टक्के झाली. सुधारणा झाली, पण जे ऊतक कठीण झाले ते पूर्ववत झाले नाही. आमचे पाच महिने वाचले असते तर आणखी किती राखता आले असते, हा प्रश्न आम्हांस आजही सोडत नाही.

वाचनातील तीन सापळे

अपुऱ्या फुंकीचा सापळा वर आलाच आहे. त्याची परीक्षा अशी की, प्रौढाची फुंक शेवटच्या एका सेकंदात आकारमान २५ मिलिलिटरहूनही कमी वाढेपर्यंत, किंवा पंधरा सेकंदांपर्यंत चालली पाहिजे. स्वीकारार्ह अशा किमान तीन फुंकी हव्यात आणि त्यांतील सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत १५० मिलिलिटरहून अधिक फरक नसावा. हे जुळत नसेल तर यंत्राचा शेरा वाचूच नये. उलट बाजूने, रुग्णाने सुरुवात कचरत केली, तर एफईव्ही-१ खोटी कमी भरते व निरोगी मनुष्यास अवरोध दिसतो. अशा वेळी वळणालेखाचे शिखर टोकदार न दिसता गोलाकार व मागे सरकलेले दिसते.

दुसरा सापळा रकान्यांचा. अहवालात प्रत्येक ओळीत अपेक्षित मूल्य, मोजलेले मूल्य आणि अपेक्षिताच्या तुलनेतील टक्केवारी असे तीन रकाने असतात. गुणोत्तराच्या ओळीतही ते असतातच. पहिल्या बाईच्या दुसऱ्या अहवालात गुणोत्तराच्या ओळीत अपेक्षित ८०, मोजलेले ५७ आणि टक्केवारी ७१ असे छापले होते. सवयीने नजर टक्केवारीच्या रकान्यात जाते, तेथे ७१ दिसते आणि '७० च्या वर, म्हणजे अवरोध नाही' असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष सर्वथा चुकीचा होय. एफव्हीसी व एफईव्ही-१ यांच्या ओळीत टक्केवारी पाहावी, गुणोत्तराच्या ओळीत मात्र मोजलेला आकडाच पाहावा. शंका वाटल्यास कागदाच्या कडेला स्वतः भागाकार करावा, त्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

तिसरा सापळा ०.७० या ठरीव सीमेचा. गुणोत्तर वयानुसार उतरते असे वर म्हटले आहे. त्यामुळे पंचाहत्तरीच्या निरोगी गृहस्थाचे गुणोत्तर ०.६८ असू शकते आणि त्यास अकारण रोगी ठरविले जाते. याउलट पंचवीस वर्षांच्या तरुणाचे ०.७४ हे गुणोत्तर त्याच्या वयास कमी असूनही निर्दोष समजले जाते व दमा निसटतो. म्हणून अहवालात त्या वयाची प्राकृत नीचतम सीमा LLN या अक्षरांनी छापलेली असल्यास तिच्याशी तुलना करणे अधिक योग्य होय.

अपेक्षित मूल्ये येतात कोठून, हेही येथे लक्षात घ्यावे. त्याच वयाच्या, उंचीच्या व लिंगाच्या निरोगी लोकांच्या मोजणीवरून ती काढलेली असतात. भारतीयांची आकारमाने युरोपीय मापांहून कमी भरतात, म्हणून मुंबईत डॉ. एस. आर. कामत, डॉ. फारुख उदवाडिया आदींनी पूर्वीच भारतीय मापे मांडली होती. यंत्रात कोणते माप निवडले आहे यावर एफव्हीसीची टक्केवारी दहा-पंधरा अंकांनीही हलू शकते. उंची अंदाजाने सांगितली तरी तेच होते. गुणोत्तर मात्र एकाच फुंकीतील दोन आकड्यांचे असल्याने मोजलेला भागाकार या निवडीने बदलत नाही. म्हणूनच वाचनाची सुरुवात गुणोत्तरापासून करावी.

गुणोत्तराची मर्यादा

गुणोत्तर प्राकृत व एफव्हीसी कमी, एवढ्यावरून संकोच 'सिद्ध' होत नाही, त्याची केवळ शंका येते. कारण संकोच म्हणजे फुप्फुसातील एकूण हवा कमी असणे, आणि पूर्ण निःश्वासानंतरही जी हवा आत उरते ती स्पायरोमीटरला मोजताच येत नाही. १९९९ साली कॅनडातील १८३१ रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की, स्पायरोमेट्रीत संकोचाचे ठळक चित्र दिसणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून कमी रुग्णांतच एकूण फुप्फुस-आकारमान खरोखर कमी होते. याउलट एफव्हीसी प्राकृत असणाऱ्यांत संकोच क्वचितच सापडला. तात्पर्य, स्पायरोमेट्री संकोच नाकारण्यास उत्तम, सिद्ध करण्यास दुबळी. सिद्धतेसाठी एकूण फुप्फुस-आकारमान, म्हणजे टीएलसी, मोठ्या केंद्रात मोजावे लागते.

हाच भाग परीक्षेत कसा येतो ते पाहू. ६० वर्षीय पुरुषाची एफव्हीसी १.९५ लिटर (अपेक्षित ३.००), एफईव्ही-१ १.०५ लिटर (अपेक्षित २.३५) व टीएलसी ६.१ लिटर (अपेक्षित ५.२) आहे, तर विकृती कोणती? पर्यायांत 'मिश्र' असतेच आणि अनेक विद्यार्थी तेच निवडतात, कारण गुणोत्तर ०.५४ आणि एफव्हीसीही ६५ टक्केच. परंतु टीएलसी अपेक्षिताच्या ११७ टक्के आहे. एकूण हवा कमी तर नाहीच, उलट जास्त आहे. ६.१ मधून १.९५ वजा केल्यास ४.१५ लिटर हवा आत अडकून राहिली, असा हिशेब लागतो. म्हणून उत्तर शुद्ध अवरोध. मिश्र म्हणावयाचे तर गुणोत्तर व टीएलसी दोन्ही कमी हवीत.

चिकित्सालयात व औषधाच्या दुकानात

चाचणीस पाठविण्यापूर्वी थोडे तारतम्य हवे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास प्रथम थुंकीची क्षयासाठी तपासणी करावी. खोकल्यातून रक्त पडत असल्यास, अथवा नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास जोराची फुंक मारावयास लावू नये.

औषधविक्रेते बंधूंचा यात मोलाचा वाटा आहे. चाचणीच्या सकाळी सालब्युटामॉलचा पंप मारून रुग्ण गेला, तर औषधापूर्वीचा आकडा औषधानंतरचाच होऊन बसतो. तातडी नसेल तर हा पंप चाचणीपूर्वी चार ते सहा तास व दीर्घकाळ टिकणारी औषधे चोवीस तास किंवा त्याहून अधिक, तपासणाऱ्या केंद्राच्या सूचनेप्रमाणे, थांबवावयाची असतात. पंप विकत देतानाच 'तपासणीस जाणार आहात काय?' एवढे विचारावे. आणि महिनोन्‌महिने पंप नेऊनही ज्यास यत्किंचित आराम नाही, अशा गिऱ्हाइकास आणखी एक पंप देण्याऐवजी 'फुंकीची तपासणी झाली आहे का?' असे विचारून वैद्याकडे परत पाठवावे. विस्फारक औषध चिंचोळी वाट रुंद करते, लहान झालेले भांडे मोठे करू शकत नाही.

त्या उन्हाळ्यानंतर आमच्या टेबलावरील केसपेपरात श्वासाच्या प्रत्येक रुग्णासाठी चार ओळी आम्ही छापून घेतल्या आहेत. फुंक पूर्ण झाली काय, मोजलेले गुणोत्तर किती, एफव्हीसी किती टक्के, आणि शेवटची ओळ, घरात चूल, कबुतरे अथवा कूलर आहे काय. तमकश्वास हे निदान या चार ओळी भरल्यानंतरच लिहावयाचे, असा नियम आम्ही स्वतःपुरता केला आहे.